एकाच कथेची आठ-नऊ पहिली वाक्यं कशी लिहायची आणि त्यातलं कामाचं वाक्य कसं ओळखायचं

कथा लिहायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी हे लिहितोय. नाशिकमध्ये आमचा लिहिणाऱ्यांचा एक छोटा गट आहे, आणि पावसाळा आला की दिवाळी अंकांना कथा पाठवायची घाई सुरू होते, तेव्हा नवीन येणारे जवळजवळ सगळे एकाच ठिकाणी अडकलेले दिसतात. पहिलं वाक्य लिहितात, आवडत नाही, खोडतात, परत साधारण तसंच लिहितात, आणि कथा तिथेच राहते. अडचण अशी असते की एकट्या वाक्याकडे बघून ते चांगलं की वाईट हे कळतच नाही. तीच गोष्ट दुसरीकडून सुरू करणारं वाक्य शेजारी ठेवलं की लगेच फरक दिसतो. म्हणून खोडत बसण्यापेक्षा आठ-नऊ वेगवेगळी वाक्यं लिहायची आणि मग निवडायचं. ही पद्धत एका उदाहरणावर पूर्ण करून दाखवतो.

लागणारं सामान

- कथेचा कच्चा आराखडा, शेवटासकट. शेवट अंदाजे चालेल, पण अजिबात नसेल तर निवड करता येत नाही.
- वहीची पानं कापून केलेल्या चिठ्ठ्या, एका चिठ्ठीवर एकच वाक्य. एकाच पानावर खाली खाली लिहिलं तर वरचं वाक्य खालच्यावर परिणाम करतं.
- मोबाईलमधला रेकॉर्डर.
- कथा माहीत नसलेली तीन-चार माणसं. घरातल्यांना आधी गोष्ट सांगून टाकली असेल तर ती बाद.

१. आधी गोष्ट चार ओळींत लिहा

आपलं उदाहरण असं. भांडीबाजारात दोन भाऊ, थोरले दत्तूअण्णा आणि धाकटा विठ्ठल. बापाच्या एका दुकानाची वाटणी होऊन मधे प्लायवूडची भिंत आलीये, बरीच वर्षं बोलणं बंद आहे. वरचा माळा निम्मा निम्मा वाटलाय पण जिना विठ्ठलच्या बाजूला आहे. गंगापूर धरणातून मोठा विसर्ग सोडलाय, पाणी शहरात पोचायला थोडा वेळ आहे, आणि अण्णांना माल वर चढवायचा तर धाकट्याला विचारावं लागणार. अण्णा विचारत नाहीत. शेवटी विठ्ठलच न बोलता माल वर ओढून घेतो. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरतं तेव्हा दोघांची भांडी माळ्यावर एकात एक मिसळलेली असतात, आणि कुणाचं काय हे ठरवायला दोघांना एकत्र बसावं लागतं.

या चार ओळींखाली अजून एक ओळ लिहायची, की वाचकाने शेवटपर्यंत कुठला प्रश्न मनात धरून वाचावा असं मला वाटतं. इथे तो प्रश्न ‘दुकान बुडेल का’ हा नाही. ‘अण्णा विचारतील का’ हा आहे. ही ओळ चिठ्ठ्यांच्या वर चिकटवून ठेवा, पुढे सगळं मोजमाप तिच्यावरच होणार आहे.

२. मनात आधी येतात ती वाक्यं लिहून मोकळे व्हा

पहिली दोन-तीन वाक्यं सगळ्यांना सारखीच सुचतात. ती दाबून ठेवली तर वेष बदलून परत परत येतात, म्हणून लिहूनच टाकायची.

चिठ्ठी १: *सकाळपासून पाऊस नुसता कोसळत होता.*

चिठ्ठी २: *नाशिकच्या भांडीबाजारात दत्तूअण्णा आणि विठ्ठल या दोन भावांची शेजारी शेजारी दुकानं होती.*

चिठ्ठी ३: *पैशापुढे रक्ताची नातीही टिकत नाहीत हेच खरं.*

यात व्याकरणाची चूक एकही नाही. तरी पहिलं वाक्य उचलून दुसऱ्या कुठल्याही कथेच्या डोक्यावर ठेवून बघा, भुताच्या कथेवर बसेल, प्रेमकथेवर बसेल, शेतकऱ्याच्या कथेवरही बसेल. जे वाक्य कुठेही बसतं त्यात या गोष्टीचं असं काहीच नाही. तिसऱ्याचं तर अजून वाईट, कथेतून वाचकाने जे स्वतः काढायचं ते आपण आधीच सांगून टाकलं, मग पुढची दहा पानं त्याने कशाला वाचायची? दुसरं वाक्य निदान याच कथेचं आहे, पण त्यात काही हलत नाहीये, नुसता पत्ता आहे. नवीन लोकांना वाटतं की वाचकाला आधी सगळी माहिती दिली पाहिजे नाहीतर तो गोंधळेल. थोडं कमी कळलं म्हणून वाचक कथा ठेवून देत नाही, काही घडायची चाहूल लागली नाही तर मात्र देतो.

३. आता प्रत्येक चिठ्ठीसाठी सुरुवातीची जागा बदला

इथे खरं काम आहे. शब्द बदलून नवीन वाक्य होत नाही, ‘पाऊस कोसळत होता’च्या जागी ‘आभाळ फाटलं होतं’ लिहिलं तरी सुरुवात तीच. बदलायचं म्हणजे बोलणारा बदला, वेळ बदला, नाहीतर आधी कुठल्या गोष्टीवर नजर जाते ते बदला.

चिठ्ठी ४, बोलण्यापासून: *“पाणी कमरेला लागलं!” पोऱ्या ओरडतच आत आला.*

चिठ्ठी ५, गावाच्या रीतीपासून: *पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की भांडीबाजार माल उचलायला लागतो.*

चिठ्ठी ६, वस्तूपासून: *वाटणीत माळा निम्मा निम्मा झाला, पण जिना विठ्ठलच्या बाजूला राहिला.*

चिठ्ठी ७, हातातल्या कामापासून: *दत्तूअण्णांनी पितळी पातेल्यांची चवड चौथ्यांदा उचलली आणि परत होती तिथेच ठेवली.*

चिठ्ठी ८, धक्क्यापासून: *त्या रात्री पुराने दोन भावांपैकी एकाला नेलं.*

चिठ्ठी ९, निवेदक बदलून: *बापाने आणि काकाने बोलणं टाकलं तेव्हा मी सात वर्षांचा होतो, आणि निरोप पोचवायचं काम माझ्याकडे आलं.*

चार आणि पाच शेजारी ठेवून बघा, कारण नाशिककरांची एक नेहमीची अडचण इथे आहे. दुतोंड्या मारुती आपल्याला माहीत आहे, गोदावरीच्या पात्रात रामकुंडाजवळ उभी असलेली, दोन्हीकडे तोंड असलेली मूर्ती, आणि पूर किती आला हे आपण पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला यावरून सांगतो. २०१९ च्या पुरात काय किंवा २०१६ च्या पुरात काय, फोनवर सगळ्यांचा पहिला प्रश्न मारुतीचाच होता. पण अकोल्याच्या किंवा सांगलीच्या वाचकाला ‘पाणी कमरेला लागलं’ म्हणजे दुकानात उभ्या माणसाच्या कमरेला, असंच वाटणार. मग चौथ्या चिठ्ठीचा अर्थच बदलला, पाणी दुकानात शिरून झालं आणि ताण संपला. तिथे ‘आमच्याकडे अशी मूर्ती आहे आणि तिच्यावरून...’ असं समजावणारं वाक्य घुसडलं की सुरुवात ढेपाळली. पाचव्या चिठ्ठीत मारुती काय कामाचा हे वाक्य स्वतःच सांगतं, कारण मारुतीच्या कमरेला पाणी लागल्यावर माणसं काय करतात ते त्यात आहे. गावाकडची एखादी खूण पहिल्या वाक्यात आणायची असेल तर तिचं वर्णन टाळा आणि तिच्यामुळे लोक काय करतात ते लिहा.

४. प्रत्येकाच्या पुढे अजून दोन वाक्यं लिहा

हे बहुतेक जण करत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त इथेच कळतं. पहिलं वाक्य एकटं छान दिसू शकतं, ते पुढे कुठे नेतं हे दोन वाक्यं लिहिल्याशिवाय समजत नाही.

सातवी चिठ्ठी पुढे नेऊ. *दत्तूअण्णांनी पितळी पातेल्यांची चवड चौथ्यांदा उचलली आणि परत होती तिथेच ठेवली.* आता पुढे काय? का ठेवली ते सांगायला लागतं, म्हणजे माळा, म्हणजे जिना, म्हणजे वाटणी, म्हणजे बापाचं दुकान. दुसऱ्याच वाक्याला आपण ‘त्याचं असं झालं होतं की’ करत पंधरा वर्षं मागे गेलो आणि पातेली तिथेच राहिली. पुढचं वाक्य लगेच मागे पळत असेल तर समजायचं की सुरुवात उशिराच्या क्षणावर केलीये. असं वाक्य फेकून द्यायचं नाही, ते कथेत तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदाला चांगलं बसतं.

आता सहावी.

*वाटणीत माळा निम्मा निम्मा झाला, पण जिना विठ्ठलच्या बाजूला राहिला. दत्तूअण्णांनी त्यावर कधी शब्द काढला नाही, आपल्या बाजूने शिडीही लावली नाही. आज मात्र पाणी मारुतीच्या कमरेला लागल्याचं कळलं आणि ते उठून प्लायवूडच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले.*

इथे मागे जावं लागलं नाही. वाटणी, अबोला, पूर सगळं तीन वाक्यांत आलं, तेही समजावून न सांगता, आणि अण्णा भिंतीपाशी येऊन थांबले.

पाचवी पुढे नेली तर बाजार येतो, हातगाड्या, दोरखंड, एकमेकांना हाका मारणारी पोरं, दोन वाक्यांनी अण्णा दिसतात. चालतं तेही, फक्त गर्दीतून त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो.

५. वाक्य कुठला प्रश्न उभा करतं ते त्याच चिठ्ठीच्या मागे लिहा

प्रत्येक चिठ्ठी उलटी करा आणि वाचकाच्या मनात काय प्रश्न येईल तो लिहा, प्रामाणिकपणे, तुम्हाला हवा तो नाही. मग वर चिकटवलेल्या ओळीशी जुळवा.

पहिलीच्या मागे काहीच लिहिता येत नाही. चौथीच्या मागे ‘किती नुकसान होणार’. सहावीच्या मागे ‘मग अण्णा माळ्यावर जाणार कसे’, आणि हा आपल्या मूळ प्रश्नाच्या अगदी शेजारचा आहे, कारण जायचं तर विचारावंच लागेल.

आठवीबद्दल जरा थांबून बोलतो. ‘पुराने दोन भावांपैकी एकाला नेलं’ वाचल्यावर वाचक नक्की पुढे वाचेल, पण ‘कोण मेलं’ या प्रश्नासाठी वाचेल आणि आपल्या कथेत कुणी मरतच नाही. मग काहीजण सांगतात की ‘नेलं’ म्हणजे माळ्यावर नेलं, किंवा मनाने नेलं, असा अर्थ लावता येतो. वाचकाला शेवटी हे कळलं की तो चिडतो, आणि बरोबरच चिडतो, त्याला मरणाची भीती दाखवून आपण त्याचं लक्ष घेतलं आणि बदल्यात दिली ती भांड्यांची सरमिसळ. तोच शेवट एरवी त्याला भिडला असता. आता तो फिका वाटतो. म्हणून लक्ष वेधलं गेलं एवढ्यावर वाक्य पास करायचं नाही. तसलं लक्ष कथा संपेपर्यंत टिकत नाही.

६. मोठ्याने वाचून रेकॉर्ड करा

मराठीत क्रियापद शेवटी येतं त्यामुळे वाक्याचा जोर शेवटी पडतो. तिथे ‘होता’, ‘होती’, ‘असे’ एवढंच उरत असेल तर जोर वाया गेला. दुसरी चिठ्ठी ऐकून बघा, ‘...दुकानं होती’, संपलं. सहावीत शेवटी ‘राहिला’ आहे, आणि त्या ‘राहिला’त कुणीतरी तो तसा राहू दिला हेही येतं.

दुसरा सापळा नामाच्या आधी रचलेल्या विशेषणांचा. सहावीचंच कुणी असं करतं: *बापाने हौसेने बांधलेल्या आणि वाटणीनंतर विठ्ठलच्या वाट्याला आलेल्या सागवानी जिन्याकडे दत्तूअण्णांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.* माहिती तीच, पण ‘जिन्याकडे’ हा शब्द येईपर्यंत आपण कशाबद्दल ऐकतोय तेच कळत नाही. डोळ्याला हे खटकत नाही, कानाला लगेच खटकतं, वाचताना मधे श्वास घ्यावा लागला तर तिथे दोन वाक्यं करा. (आणि अण्णा रोज भिंतीच्या पलीकडे बसतात, त्यांना जिना दिसतच नाही, ही चूकही या लांब वाक्यात लपून जाते.)

७. एक रात्र जाऊ द्या, मग माणसांना दाखवा

चिठ्ठ्या उलटसुलट करून द्या, नंबर खोडून. ‘कुठलं आवडलं?’ हे विचारू नका. आवडलेलं वाक्य म्हणजे बहुतेक वेळा शब्द छान असलेलं वाक्य. दोनच गोष्टी विचारा: ‘पुढे काय होईल असं वाटतं?’ आणि दुसऱ्या दिवशी फोन करून, ‘कालच्यातलं कुठलं आठवतंय?’ आठवताना माणूस वाक्य जसंच्या तसं सांगत नाही, पण ‘ते जिन्याचं’ असं म्हणाला तर जिना लक्षात राहिला हे कळलं.

उत्तरांतून काय घ्यायचं ते नीट बघा. सहावी वाचून कुणी विचारेल, ‘मग अण्णांनी आपल्या बाजूने शिडी का नाही लावली?’ हा वाक्यातला दोष नाही, ही कथेला मिळालेली भेट आहे. शिडी लावणं म्हणजे वाटणी कायमची मान्य करणं, म्हणून लावली नाही, हे अण्णांचं कारण आणि कथेचा गाभा त्यातच आहे. वर दुसऱ्या वाक्यात शिडी आलीये ती याचसाठी. पण ‘विठ्ठल कोण?’ किंवा ‘वाटणी कसली?’ असे प्रश्न दोघातिघांकडून आले तर ती अस्पष्टता आहे, तिथे वाक्य दुरुस्त करा.

नववी चिठ्ठी इथे हमखास सगळ्यांच्या लक्षात राहते. सात वर्षांचा पोरगा दोन घरांमधे निरोप नेतोय, हे वाक्य म्हणून कदाचित सगळ्यात जोरकस आहे. पण ते आपल्या कथेचं वाक्य नाही, ते त्या पोराच्या कथेचं आहे, तिथे प्रश्न ‘या मुलावर काय परिणाम झाला’ असा होतो. ते घ्यायचं तर पूर्ण कथा त्याच्या तोंडून परत लिहावी लागेल आणि विठ्ठल न बोलता माल ओढून घेतो तेव्हा मुलगा तिथे का आहे हेही जुळवावं लागेल. तयारी असेल तर जरूर करा. नसेल तर चिठ्ठी जपून ठेवा, ती पुढच्या कथेची आहे. सगळ्यांना आवडलं म्हणून ते वाक्य वर लावून खाली जुनीच कथा ठेवणं मात्र करू नका, दुसऱ्या पानावर मुलगा गायब होतो आणि वाचक त्याला शोधत राहतो.

८. शेवटच्या प्रसंगाशेजारी ठेवून निवडा

आता साधारण दोन चिठ्ठ्या उरतात, इथे पाच आणि सहा. दोन्ही कथेच्या शेवटाच्या परिच्छेदाला लावून वाचा. पाचवी पुरापासून सुरू होते आणि शेवटी पूर ओसरलेला आहे, वर्तुळ पूर्ण होतं पण ते पाण्याचं. सहावी ‘वाटणीत’ या शब्दाने सुरू होते आणि शेवटी दोघं भाऊ माळ्यावर बसून तीच भांडी परत वाटतायत, यावेळी समोरासमोर. कथेत बदललं काय ते सहावीमुळे दिसतं. मी सहावी घेईन.

या टप्प्यावर एक मोह होतो, दोन्ही जोडून एक करायचा: *पाणी मारुतीच्या कमरेला लागलं आणि वाटणीत जिना विठ्ठलच्या बाजूला राहिल्याने दत्तूअण्णा अस्वस्थ झाले.* दोन्ही चांगल्या गोष्टी एकमेकींना मारतात, वर ‘अस्वस्थ झाले’ हे सांगायची वेळ येते. एका वाक्याला एकच काम द्या, मारुती तिसऱ्या वाक्यात आला तरी उशीर होत नाही.

९. उरलेल्या चिठ्ठ्यांचं काय

पाचवी कथेच्या मधे टाका, बाजार हलायला लागतो तिथे. सातवी अण्णांची घालमेल दाखवायला ठेवा. पोऱ्याची आरोळी मारुती वाचकाच्या ओळखीचा झाल्यावर आली की समजावून सांगावी लागत नाही, आणि मग पाण्याची पातळी गुडघा, कमर, छाती अशी चढवत नेली तर वेळ सांगायला घड्याळही लागत नाही. पहिली तीन टाकून द्या.

डोळा तयार व्हायला नाशिककरांना एक सोय आहे, १८४० पासून चालू असलेलं आपलं सार्वजनिक वाचनालय, सावाना. तिथे जुने दिवाळी अंक मिळाले तर एक घेऊन बसा आणि सगळ्या कथांची फक्त पहिली वाक्यं वहीत उतरवा, प्रत्येकासमोर पडलेला प्रश्न लिहा, मग कथेचा शेवट वाचून तो प्रश्न तिथपर्यंत पोचला का बघा. स्वतःच्या चिठ्ठ्या उलटताना हाच सराव कामाला येतो.

कथा पूर्ण लिहून झाल्यावर पाचवी आणि आठवी पायरी एकदा परत करा. लिहिता लिहिता शेवट बदलतो, समजा विठ्ठलऐवजी अण्णांनीच भिंतीवर थाप मारली असं झालं, तर मूळ प्रश्नाची ओळ नव्याने लिहा आणि बाजूला ठेवलेल्या चिठ्ठ्या तिच्याशी पुन्हा जुळवून बघा.